इअरफोनची भागी आणि कानाचे आरोग्य

शहादा, तळोदा, नवापूर अथवा खुद्द नंदुरबार येथील वसतिगृहांत राहून शिकणाऱ्या तरुणांच्या हाती इअरफोन ही वस्तू आज वही-पुस्तकाइतकीच नित्याची झाली आहे. आणि धडगाव, मोलगी, अक्कलकुवा या डोंगरी मुलखातून आलेल्या ज्या मुलाजवळ फोन असला तरी धड चालणारा इअरफोन असतोच असे नाही, तो आपल्या खोलीतील सोबत्याचा इअरफोन मागून घेतो, किंवा एकाच इअरफोनचे एक टोक आपल्या व दुसरे टोक मित्राच्या कानात घालून दोघे मिळून भरतीच्या परीक्षेची व्याख्याने ऐकत बसतात. या चालीत आपलेपणा आहे आणि काटकसरही आहे, तेव्हा तिला केवळ घाणेरडी सवय म्हणून झिडकारणे न्यायाचे होणार नाही. परंतु पावसाळ्याच्या चार महिन्यांत कान खाजतो, ठणकतो, वाहतो अशी तक्रार घेऊन जे तरुण दवाखान्यात येतात, त्यांच्यापुरती तरी या चालीची नीट चौकशी करणे अगत्याचे आहे. आणि ती केली असता असे दिसून येते की, दुसऱ्याच्या कानातील जंतू आपल्या कानात येणे हा या मामल्याचा अर्धाच भाग असून, त्या जंतूंना वाढण्याजोगी ओल व जखम आपल्या कानात आधीपासून तयार असणे हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग होय.

हे समजण्यासाठी कानाची रचना थोडी ध्यानात घ्यावी लागते. कानाच्या तोंडापासून पडद्यापर्यंतची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची असते. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा मऊ कूर्चेचा असून तेथे बारीक केस व मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतले दोन हिस्से हाडाचे असून त्यावरील त्वचा इतकी पातळ असते की, आगपेटीच्या काडीचा साधा ओरखडाही तिला पुरेसा होतो. ज्याला आपण मळ म्हणून हिणवतो तो पदार्थ वस्तुतः या नळीचा पहारेकरी आहे. तो चिकट असल्यामुळे धूळ अडवतो, स्निग्ध असल्यामुळे त्वचेत पाणी मुरू देत नाही, आणि किंचित आम्ल असल्यामुळे जंतू व बुरशी यांना तेथे सुखाने नांदू देत नाही. शिवाय या नळीची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने, साधारणपणे नख वाढते त्या मंद गतीने, सतत सरकत असते. तिच्याबरोबर जुना मळ बाहेर येतो आणि जेवताना-बोलताना होणाऱ्या जबड्याच्या हालचालीने तो आपोआप गळून पडतो. निरोगी कान स्वतःची सफाई स्वतःच करतो, एवढे एक तत्त्व मनात पक्के धरले तर पुढचे सर्व नियम त्यातूनच निघतात.

कानाच्या भोकात घट्ट बसणारा इअरफोन ही सारी व्यवस्था अडवून धरतो. बाहेर येणारा मळ त्याच्या रेट्याने पुन्हा आत लोटला जातो. नळीतील वारा बंद होतो, उष्णता वाढते, घाम सुकत नाही. आणि काही तासांतच आतली त्वचा ओली, फुगीर व नरम होऊन तिच्यावरील संरक्षक थर विरळ होऊ लागतो. नंदुरबारच्या वाचकाला ही गोष्ट मिरचीच्या पथारीवरून सहज पटेल. बाजार समितीतून घेतलेली ओली लाल मिरची व्यापारी मोकळ्या रानात पसरून ऊन-वाऱ्याने वाळवतो, आणि अवकाळी पावसात भिजलेली मिरची ताडपत्रीखाली तशीच झाकून राहिली तर तिला बुरशी धरते, हे तेथे राबणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. अस्परजिलस नावाच्या ज्या बुरशीकुळाचा उपद्रव साठवणीच्या मिरचीला होतो, त्याच कुळातील काळी बुरशी माणसाच्या ओल्या, बंद कानातही वाढते; तिचे सूक्ष्म बीज हवेत सर्वत्र तरंगत असल्यामुळे ते कोणाकडून उसने आणावे लागत नाही. तिच्या जोडीला कँडिडा नावाची पांढरी बुरशी, तसेच स्युडोमोनस व स्टॅफिलोकॉकस हे जंतू, हेच बाह्य कर्णनलिकेच्या रोगाचे नेहमीचे कारण असतात.

आता भागीचा प्रश्न. एकाच्या कानातून निघालेल्या इअरफोनवर त्याचा मळ, त्वचेचे सूक्ष्म कण आणि त्यांवर वस्ती करणारे जंतू चिकटलेले असतात, आणि तो दुसऱ्याने लगेच घातला तर ते सर्व दुसऱ्याच्या कानात जाते, यात संशय नाही. परंतु दुसऱ्याचा कान कोरडा, अखंड आणि मळाने राखलेला असेल तर एवढ्याने बहुधा काहीही घडत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून एकदा कोणाचा इअरफोन घातला एवढ्यावरून भयभीत होण्याचे कारण नाही. धोका खरोखर वाढतो तो तीन प्रसंगी. देणाऱ्याचा कान वाहत असेल किंवा खाजत असेल, तर इअरफोनवर नित्याच्या जंतूंऐवजी पू व बुरशी यांचा मोठा साठा असतो. घेणाऱ्याचा कान घामाने अथवा स्नानाने ओला असेल, किंवा त्याने तो नुकताच काडीने कोरला असेल, तर आत जाणाऱ्या जंतूंना वाट मोकळी मिळते. आणि घेणाऱ्याला मधुमेह असेल, अथवा त्याच्या कानाच्या पडद्याला पूर्वीपासून छिद्र असेल, तर जो रोग इतरांच्या बाबतीत आठ-दहा दिवसांत आटोपतो तो त्याच्या बाबतीत खोल जाऊ शकतो.

एक कल्पित, परंतु दरसाल पावसाळ्यात घडणाऱ्या गोष्टींवरून बेतलेला दाखला घेऊ. पोलीस भरतीची तयारी करणारा एकवीस वर्षांचा तरुण शहाद्याच्या एका वसतिगृहात राहतो. जुलै महिन्यात तो पहाटे सोळाशे मीटर धावण्याचा सराव करतो, त्या वेळी कानात बिनतारी इअरबड असतात आणि घाम त्यांच्या कडेने नळीत उतरत असतो. परत येऊन डोक्यावरून स्नान करतो, टॉवेलाने केस पुसतो, आणि कान ओलाच असताना तेच इअरबड घालून दुपारपर्यंत अभ्यासिकेत व्याख्याने ऐकतो. रात्री गाणी ऐकता ऐकता तसाच झोपी जातो. मधल्या वेळात त्याचा खोलीतील सोबती तेच इअरबड वापरतो. काही दिवसांनी उजव्या कानात खाज सुटते. तो पेनाच्या टोपणाची निमुळती कड आत घालून खाजवतो, क्षणभर बरे वाटते, आणि त्या क्षणीच नळीच्या फुगलेल्या त्वचेला ओरखडा पडून रोगाला दार उघडे होते.

दोन दिवसांत कानाला दडा बसतो, घास चावताना कळ येते, आणि कानाच्या भोकापुढे गालाच्या बाजूला जो लहानसा कूर्चेचा उंचवटा असतो तो बोटाने दाबला, किंवा कानाची पाळी धरून ओढली, की असह्य ठणका लागतो. ही खूण वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी, कारण बाहेरच्या नळीचा रोग आणि पडद्यामागचा रोग यांतील भेद ओळखण्याचा घरगुती उपाय हाच आहे. पडद्यामागील मध्यकर्णाचा रोग बहुधा सर्दी-पडशामागून येतो, त्यात ताप असतो, दुखणे खोलवर असते पण तो उंचवटा दाबून ते वाढत नाही, आणि कान फुटून पू वाहू लागला की दुखणे एकाएकी कमी होते. असा रोग इअरफोनमुळे उद्भवत नाही. केवळ मळ दाटला असेल, तर स्नानानंतर मळ फुगून कान एकदम बंद होतो, परंतु ठणका नसतो.

आपल्या दाखल्यातील तरुण या वेळी दवाखाना गाठत नाही. तो प्रथम लसूण घालून कढवलेले कोमट तेल कानात सोडतो, आणि त्यामुळे आतली ओल अधिकच कोंडली जाते. मग सोबत्याच्या पेटीतली, केव्हातरी उरलेली, प्रतिजैविक व स्टेरॉइड एकत्र असलेली कानाची औषधी बाटली तो वापरतो. स्टेरॉइडमुळे सूज उतरून दोन दिवस आराम पडतो. पण प्रतिजैविकाने जंतू मरून मोकळ्या झालेल्या जागेत, आणि स्टेरॉइडमुळे त्वचेचा प्रतिकार मंदावलेला असताना, बुरशी फोफावते. खाज पहिल्याहून दुणावते आणि कानातून भिजल्या कागदाच्या लगद्यासारखा पांढुरका पदार्थ येतो, त्यावर काळे ठिपके दिसतात. ही अस्परजिलसची उघड खूण होय. अशा स्थितीत तो रुग्णालयात जातो तेव्हा डॉक्टर ओटोस्कोपने कान पाहतात, आतील लगदा शोषणयंत्राने अथवा कापसाच्या कोरड्या बोळ्याने काढतात, पडदा अखंड असल्याची खात्री करून घेतात, आणि मग क्लोट्रिमॅझोलसारखे बुरशीनाशक औषध सुमारे दोन आठवड्यांसाठी देतात. या सफाईवाचून औषध लागू पडत नाही, कारण लगद्याखालच्या त्वचेपर्यंत ते पोचतच नाही. मेडिकल दुकानातून परस्पर बाटली आणून टाकणाऱ्यांचा इलाज फसतो तो बहुधा याच सबबीने.

पुढच्याच आठवड्यात त्याच्या सोबत्याचाही कान खाजू लागतो. हा रोग इअरबडमधून गेला की काय, असा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. तो गेला असण्याचा संभव आहे. परंतु दोघेही त्याच दमट खोलीत राहतात, त्याच मैदानावर घाम गाळतात आणि तितकेच तास कान बंद ठेवतात, म्हणून त्याला तो स्वतंत्रपणेही जडला असणे तितकेच संभवनीय आहे. कसूर कोणाची हे ठरवीत बसण्यात काही हाशील नाही. दोघांनीही आपल्या सवयी एकाच वेळी बदलल्या तरच दोघेही बरे राहतील.

डॉक्टरांनी दिलेले औषध कानात घालण्याचीही एक रीत आहे, आणि ती न पाळल्यामुळे निम्मे औषध बाहेरच सांडते. बाटली प्रथम मुठीत दोन-तीन मिनिटे धरून अंगाइतकी कोमट करावी, कारण थंड औषध आत गेले की चक्कर येते. दुखरा कान वर येईल असे कुशीवर निजावे. मोठ्या माणसाची कर्णपाळी वर व मागे, आणि लहान मुलाची खाली व मागे हळूच ओढली म्हणजे नळी सरळ होते. सांगितले असतील तितकेच थेंब नळीच्या कडेने सोडावेत, कानापुढील उंचवटा दोन-चार वेळा हलकेच दाबून औषध आत उतरू द्यावे, आणि पाच मिनिटे तसेच पडून राहावे. बाटलीचे टोक कानाला लावू नये आणि ती बाटली दुसऱ्या कोणालाही देऊ नये. उपचार चालू असेतोवर स्नानाच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा व नंतर लगेच काढून टाकावा. खाज व दुखणे थांबले तरी सांगितलेली मुदत पुरी करावी. बुरशीचा रोग अर्ध्यात सोडला तर तो परत येण्याचा संभव असतो.

ज्यांचा कान लहानपणापासून वाहतो अशी मुले आश्रमशाळांत व वसतिगृहांत आढळतात, त्यांच्यासाठी एक स्वतंत्र ताकीद आहे. अशा मुलाच्या कानाच्या पडद्याला बहुधा छिद्र असते. त्या कानात इअरफोन मुळीच घालू नये, कारण बाहेर येणारा पू आत कोंडून रोग बळावतो. त्या कानात तेल, झाडपाल्याचा रस, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा डॉक्टरांनी पाहिल्यावाचून घेतलेले कोणतेही औषध घालू नये, कारण छिद्रातून ते आतल्या कानापर्यंत जाऊन ऐकण्याची शक्ती कायमची घटवू शकते. दवाखान्यात जाईपर्यंत एवढेच करावे की, स्वच्छ सुती कापडाची पिळदार वात करून ती कानाच्या तोंडाशी ठेवावी, भिजली की काढून टाकावी, आणि कोरडी निघेपर्यंत नवी वात घालावी. असे दिवसातून तीन वेळा करावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शासकीय शाळांतील मुलांची जी तपासणी होते, तिच्या यादीत मध्यकर्णाचा दाह आणि श्रवणदोष या दोहोंचाही समावेश आहे. तेव्हा पथक शाळेत येईल त्या दिवशी अधीक्षकांनी व शिक्षकांनी कान वाहणाऱ्या मुलांची नावे स्वतः होऊन पुढे करावीत, मुलाने लाजून गप्प बसावे अशी वेळ आणू नये.

आता नित्याच्या खबरदारीकडे वळू. पहिला नियम ओलीचा. स्नानानंतर मान प्रथम एका बाजूला व मग दुसऱ्या बाजूला कलती करून पाणी निथळू द्यावे, बाहेरची पाळी टॉवेलाने टिपावी, आणि कान कोरडा झाल्याखेरीज, म्हणजे निदान अर्धा तास तरी, इअरफोन घालू नये. धावताना घालायचाच असेल तर तो उतरल्यावर कान व इअरफोन दोन्ही पुसून काही वेळ मोकळे ठेवावेत. दुसरा नियम काळाचा. सलग तासभर ऐकल्यावर दहा-पंधरा मिनिटे तरी इअरफोन काढून कानाला वारा लागू द्यावा. झोपताना तो कानात कदापि ठेवू नये. आणि खोलीत एकटे असताना, दुसऱ्या कोणास त्रास होत नसेल तर, फोनचा स्पीकरच वापरावा. ज्यांना नाइलाजाने दिवसाचे पाच-सहा तास ऐकावे लागते त्यांनी नळीत शिरणाऱ्या इअरबडऐवजी कानावरून बसणारा हेडफोन घ्यावा. त्यानेही पाळीला घाम येतो, परंतु नळी बुचासारखी बंद होत नाही. आवाजाच्या मर्यादेचा विषय निराळा व मोठा आहे. येथे इतकेच सांगणे पुरे की, तीन फुटांवरील माणसाचे बोलणे ऐकू येत नसेल तर आवाज निश्चित अधिक आहे.

तिसरा नियम हत्याराचा. काडी, सेफ्टी पिन, चावी, कापूस गुंडाळलेली कांडी यांपैकी काहीही नळीत घालू नये, आणि जत्रेत-बाजारात कान साफ करून देणाऱ्यांच्या हाती कान देऊ नये. एकाची सळई दुसऱ्याच्या कानात जाते, हा दोष तेथेही आहेच. मिरचीच्या पथारीवर किंवा शेतात फवारणीचे काम करणाऱ्यांनी तर हात साबणाने धुतल्याखेरीज इअरफोनला स्पर्शही करू नये, कारण बोटावरचे तिखट अथवा औषध त्याच्या रबरी टोपीवरून थेट नाजूक त्वचेवर जाते, तिची आग होते, आणि आग झालेला कान खाजवल्याशिवाय माणसाला राहवत नाही.

चौथा नियम खुद्द इअरफोनच्या सफाईचा. सिलिकॉनच्या टोप्या ओढून काढाव्यात, कोमट साबणपाण्यात चोळून धुवाव्यात, आणि पूर्ण सुकेपर्यंत, शक्य तर रात्रभर, वेगळ्या ठेवाव्यात. ओलसर टोपी पुन्हा बसवणे हे न धुण्यापेक्षाही वाईट. बारीक जाळीवरचा मळ जाळी खाली तोंड करून धरून मऊ, कोरड्या टूथब्रशने झाडावा, टाचणीने टोकरू नये, कारण त्यायोगे मळ आत जातो व जाळी फाटते. बाकीचा भाग सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेल्या कापडाने पुसावा आणि तो उडून जाऊ द्यावा. पाण्यात बुडवू नये. इअरबडची डबी बहुतेक जण विसरतात, परंतु घामेजलेले इअरबड रात्रभर तिच्यात बंद राहतात, म्हणून तीही आतून पुसावी. रोज वापरणाऱ्याने हे सारे आठवड्यातून एकदा, आणि घाम येणाऱ्याने दोन-तीनदा करावे. स्पंजच्या टोप्या धुऊन नीट सुकत नाहीत. त्या काही महिन्यांनी बदलाव्यात.

भागी टाळणे शक्यच नसेल, तर तीही नियमाने करावी. सिलिकॉनच्या टोप्यांची जोडी इअरबडच्या मानाने फार स्वस्त मिळते. प्रत्येकाने आपली जोडी स्वतंत्र ठेवावी आणि इअरबड हाती आला की आधी टोपी बदलावी. टोपी नसलेला, कडक प्लास्टिकचा तारेचा इअरफोन असेल तर तो वर सांगितल्याप्रमाणे पुसून, सुकवून मगच कानात घालावा. सदऱ्याच्या टोकाला पुसून घेतल्याने जंतू जात नाहीत. दोघांपैकी एकाचा कान खाजत, दुखत वा वाहत असेल त्या दिवशी मात्र देणे-घेणे साफ बंद ठेवावे, आणि ज्याचा कान बिघडला आहे त्याने ते न संकोचता सांगावे. कान वाहणे हे कोणाच्या अस्वच्छतेचे लांच्छन नाही.

शेवटी, दवाखाना केव्हा गाठावा याचा हिशेब. नुसती खाज असेल तर इअरफोन बंद करून, कान कोरडा ठेवून दोन-तीन दिवस वाट पाहण्यास हरकत नाही. पुष्कळदा एवढ्यानेच ती शमते. ठणका, दडा किंवा स्राव असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र अथवा तालुक्याचे रुग्णालय गाठावे, आणि तेथे यंत्राने सफाई करण्याची सोय नसेल तर नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवण्याची चिठ्ठी मागून घ्यावी. कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकलली जाणे, ताप किंवा चक्कर येणे, तोंड एका बाजूला वाकडे होणे, एकाएकी ऐकू येईनासे होणे, आणि मधुमेह्याला रात्री झोप मोडणारा कानाचा ठणका लागणे, या खुणांपैकी एकही दिसली तर दिरंगाई न करता त्याच दिवशी रुग्णालयात जावे; विशेषतः मधुमेह्यांमध्ये हा रोग नळीतून कवटीच्या हाडात उतरू शकतो आणि मग त्यावर अनेक आठवडे औषधे चालवावी लागतात. तपासणीला जाताना आजवर कानात काय काय घातले, तेल, रस, उरलेले औषध, हे सर्व डॉक्टरांना खरे सांगावे आणि ती बाटली बरोबर न्यावी, कारण पुढचे औषध त्यावरूनच ठरते. आणि कान बरा झाल्यावरही खाज, ठणका व स्राव पूर्ण थांबून एक आठवडा लोटेपर्यंत इअरफोन हाती घेऊ नये. मग घ्यावा तो जुन्या टोप्या टाकून देऊन, नव्या बसवून, आणि पहिले काही दिवस दिवसाकाठी अर्ध्या तासाहून अधिक नाही. या मर्यादेत खाज परत आली, तर कान अजून बरा झालेला नाही असे समजून पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.